बटलरच्या डोळ्यांतलं पाणी कुणी पाहिलं? अविश्वासार्ह निवेदकाबद्दल थोडं सविस्तर

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना काही नावं आणि क्रम निसटतात, म्हणून इथे ते थोडे नीट लावून देतोय. फिक्शनचा पेपर असलेल्यांना हा भाग थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांना निदान एक चांगली कादंबरी वाचण्याचं कारण मिळेल.

आधीच सांगतो, आज मी 'द रिमेन्स ऑफ द डे' या कादंबरीचं कथानक शेवटापर्यंत उघडं करणार आहे. मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मधला खुनी कोण हेही येईल. ज्यांना ते कळू द्यायचं नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुस्तक वाचा आणि मग या.

'अनरिलायबल नॅरेटर' म्हटलं की बहुतेक जण एक सोपं समीकरण मांडतात : निवेदक खोटं बोलतो, म्हणून तो अविश्वासार्ह. परीक्षेत हे उत्तर लिहिलं तर अगदी शून्य नाही मिळणार, पण त्यातून पुस्तक काही हाती लागत नाही. कारण जगातले सगळ्यात गाजलेले अविश्वासार्ह निवेदक पाहिले तर त्यातले कितीतरी जण फारसं खोटं बोलतच नाहीत. ते खरं सांगतात, पण अपुरं सांगतात. किंवा घडलेलं बरोबर सांगतात आणि त्याचा अर्थ चुकीचा लावतात. मला स्वतःला हे लॉग फाइलसारखं वाटतं. ज्या प्रोग्रॅममध्ये गडबड आहे, त्यानेच लिहिलेला लॉग आपण वाचत असतो. लॉगमधली प्रत्येक ओळ खरी असू शकते, पण जी ओळ लिहिलीच गेली नाही ती शोधायची असते. बास, इंजिनिअरिंगची उपमा एवढीच. आता पुस्तकाकडे.

काझुओ इशिगुरो हे जपानमध्ये नागासाकीत जन्मलेले आणि पाच वर्षांचे असताना ब्रिटनमध्ये आलेले लेखक. ही त्यांची तिसरी कादंबरी १९८९ साली आली आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळालं. निवेदक आहे स्टीव्हन्स, डार्लिंग्टन हॉल नावाच्या मोठ्या हवेलीतला बटलर. साल १९५६. जुने मालक लॉर्ड डार्लिंग्टन वारलेत, हवेली एका अमेरिकन माणसाने, मिस्टर फॅरडेने, विकत घेतलीय. नवे मालक स्टीव्हन्सला आपली फोर्ड गाडी देतात आणि म्हणतात, जा, जरा देश बघून ये. स्टीव्हन्स निघतो. कुठे? कॉर्नवॉलला. तिथे मिस केंटन राहते. वीस वर्षांपूर्वी ती हवेलीत हाउसकीपर होती, म्हणजे घरकामाच्या बायकांची प्रमुख. आता ती लग्न होऊन मिसेस बेन झालीय. तिचं पत्र आलंय. स्टीव्हन्स सांगतो की हवेलीत माणसं कमी पडतायत, ती परत कामाला येते का ते बघायचंय. म्हणजे, ऑफिशियल कारण हे.

सहा दिवसांच्या या प्रवासात तो मुक्कामाच्या ठिकाणी बसून आठवणी सांगतो. सांगतो कुणाला? ते कधीच स्पष्ट होत नाही, पण तो 'तुम्ही' म्हणून ज्याच्याशी बोलतो तो बहुधा दुसरा एखादा बटलरच आहे. कारण चांदीच्या भांड्यांचं पॉलिश हा विषय आपल्याला महत्त्वाचा वाटेलच, असं तो गृहीत धरून चालतो.

पेपरासाठी इथे एक फरक पक्का करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लेखक वेगळा आणि निवेदक वेगळा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण निवेदकातही दोन माणसं असतात. फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये एक साधा प्रश्न दोन भागांत तोडला : कोण बोलतंय, आणि कोण बघतंय? आपण एरवी 'पॉइंट ऑफ व्ह्यू' या एकाच शब्दात दोन्ही कोंबतो. स्टीव्हन्सच्या बाबतीत बोलतोय तो १९५६ सालचा म्हातारा होत चाललेला माणूस. बघतोय तो बरेचदा १९२३ सालचा, उमेदीतला, कामाचा अभिमान असलेला बटलर. बोलणाऱ्याला पुढे काय झालं ते सगळं माहीत आहे. लॉर्ड डार्लिंग्टन नाझींच्या फार जवळ गेले, युद्धानंतर बदनाम झाले, अब्रुनुकसानीचा दावा हरले आणि खचून वारले, हे त्याला ठाऊक आहे. तरी गोष्ट सांगताना तो ते लगेच आपल्या हातात देत नाही. का देत नाही, हा या कादंबरीचा खरा विषय आहे.

आता एकच प्रसंग घेऊ आणि तो सावकाश बघू.

मार्च १९२३ चे शेवटचे दिवस. डार्लिंग्टन हॉलमध्ये मोठी परिषद भरलीय. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर ज्या अटी लादल्या त्या सैल कराव्यात, यासाठी लॉर्ड डार्लिंग्टननी देशोदेशीची वजनदार माणसं बोलावलीत. स्टीव्हन्सचे वडील, सत्तरी ओलांडलेले, त्याच घरात त्याच्या हाताखाली काम करतायत. ते आजारी पडतात. वरच्या मजल्यावर एका लहानशा खोलीत ते अखेरचे पडून आहेत आणि खाली पाहुण्यांची शेवटची रात्र चालू आहे. स्टीव्हन्स थोडा वेळ वर जाऊन येतो आणि पुन्हा कामाला लागतो. पाहुण्यांच्या ग्लासांत पोर्ट वाइन ओततो. एका फ्रेंच पाहुण्याचे पाय दुखतायत, त्याचीही व्यवस्था बघायची आहे.

मग दोन गोष्टी घडतात. मालकांच्या मित्राचा तरुण मुलगा, मिस्टर कार्डिनल, बोलता बोलता थांबतो आणि स्टीव्हन्सला विचारतो, तू ठीक आहेस ना? स्टीव्हन्स म्हणतो, अगदी ठीक. थोड्या वेळाने स्वतः लॉर्ड डार्लिंग्टन तेच विचारतात आणि वर म्हणतात की तू रडतोयस असं दिसतंय. स्टीव्हन्स हसतो, रुमाल काढतो, चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या ताणाचं कारण देतो. त्यानंतर मिस केंटन येऊन सांगते की वडील गेले, चारेक मिनिटांपूर्वी. वर येताय का, असं ती विचारते. तो म्हणतो, आत्ता खूप कामात आहे. मग ती विचारते, त्यांचे डोळे मी मिटू का? तो आभार मानतो आणि कामाला परत जातो.

आता वाचक म्हणून आपल्याला काय कळलं? स्टीव्हन्स रडत होता. आणि हे आपल्याला कुणी सांगितलं? निवेदकाने नाही. त्याच्या संपूर्ण निवेदनात 'माझ्या डोळ्यांत पाणी आलं' असं वाक्य नाही. ही बातमी आपल्याला लॉर्ड डार्लिंग्टनच्या तोंडून मिळाली. म्हणजे निवेदकाने दुसऱ्याचा संवाद प्रामाणिकपणे नोंदवला आणि त्या संवादातून त्याने स्वतः न सांगितलेली गोष्ट बाहेर पडली. इशिगुरोंची करामत इथे आहे. स्टीव्हन्स खोटारडा असता तर त्याने मालकांचं ते वाक्य गाळलं असतं. त्याने ते गाळलं नाही. बटलर म्हणून मालकांचा शब्द न शब्द लक्षात ठेवणं हेच तर त्याचं काम.

हाच प्रसंग दुसऱ्या आवाजात सांगून बघू. ही वाक्यं माझी आहेत, पुस्तकातली नव्हेत. पहिला प्रयोग, सगळं जाणणारा तृतीयपुरुषी निवेदक : 'वर वडील शेवटचे श्वास घेत होते आणि खाली पाहुण्यांना वाइन देताना स्टीव्हन्सच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्याचं त्याला भानही नव्हतं.' दुसरा प्रयोग, प्रथमपुरुषी पण मोकळा निवेदक : 'मी ग्लास भरत होतो, पण मला समोरचं दिसत नव्हतं. माझे वडील मरत होते आणि मी रडत होतो.'

दोन्हींत माहिती तीच आहे, किंबहुना जास्तच आहे. पण पहिल्यात दुःख आपल्याला आयतं वाढून दिलंय. आपण हळहळतो आणि पुढे जातो. दुसऱ्यात स्टीव्हन्सला आपलं दुःख समजलेलं आहे, म्हणजे तो वेगळाच माणूस झाला. मग त्याची गोष्टही वेगळी व्हायला हवी, कारण ज्याला आपण रडतोय हे सांगता येतं तो माणूस वर्षानुवर्षं मिस केंटनशी फक्त कामाचं बोलत बसणार नाही. मूळ कादंबरीत मात्र स्टीव्हन्स या रात्रीचा शेवट कसा करतो बघा : एवढं दुःखद घडूनही, तो सांगतो, ती रात्र आठवली की त्याला विजयाची भावना येते. आपण 'खरा' बटलर असल्याचं त्या रात्री सिद्ध झालं, असं त्याला वाटतं.

वाचताना पोटात गोळा येतो तो इथे. तो दिलेल्या घटनेमुळे येतो आणि तिच्यावर लावलेल्या अर्थामुळेही. घटना एक सांगते, आवाज दुसरं सांगतो, आणि मधल्या जागेत आपण उभे असतो.

या मधल्या जागेला नाव दिलं अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी. 'अनरिलायबल नॅरेटर' हा शब्दप्रयोग त्यांच्या १९६१ च्या 'द रेटरिक ऑफ फिक्शन' या पुस्तकातून रूढ झाला. त्यांची कसोटी अशी की निवेदकाची तुलना वास्तवाशी करायची नाही, तर त्या पुस्तकाच्या स्वतःच्या मूल्यांशी करायची. एकूण पुस्तक ज्याला महत्त्वाचं मानतं त्यापासून निवेदक लांब गेला, की तो अविश्वासार्ह. पुढे १९९९ मध्ये जेम्स फेलन आणि मेरी पॅट्रिशिया मार्टिन यांनी याच कादंबरीवर एक लेख लिहिला आणि विचारलं, लांब गेला म्हणजे नक्की कुठल्या बाबतीत? निवेदक तीन कामं करतो. काय घडलं ते सांगतो, त्याचा अर्थ लावतो आणि ते चांगलं की वाईट ते ठरवतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी तो चुकू शकतो, किंवा चुकत नाही पण कमी पडतो.

मला हे वर्गीकरण आवडतं, कारण उत्तर लिहिताना ते हाताला धरून चालवतं. तिन्हींसाठी या पुस्तकात एकेक ठसठशीत जागा आहे.

घटनेच्या पातळीवर घ्या, बंद दार. स्टीव्हन्सला एक आठवण छळते : मागच्या बोळात मिस केंटनच्या बंद दारासमोर तो उभा आहे आणि आत ती रडतेय अशी त्याची खात्री आहे. आधी तो सांगतो, ती तिच्या मावशीच्या निधनाची बातमी आली तेव्हाची. बऱ्याच पानांनंतर तो स्वतःच म्हणतो की आपला काहीतरी घोळ झाला असावा, ती आठवण त्या दिवसाची नाही, काही महिन्यांनंतरच्या एका संध्याकाळची आहे. कुठली संध्याकाळ? मिस केंटनने आपण मिस्टर बेनची लग्नाची मागणी स्वीकारल्याचं त्याला सांगितलं, ती. आता दोन्हींतला फरक बघा. पहिल्या तारखेत ती मावशीसाठी रडतेय. दुसऱ्या तारखेत ती स्टीव्हन्ससाठी रडतेय आणि तो दार न ठोठावता निघून जातो. तारीख हलली आणि सगळा अर्थ हलला. आठवणीने त्याला वाचवण्यासाठी ते रडणं निरुपद्रवी दिवसात नेऊन ठेवलं होतं. हे मी म्हणतोय, तो नाही. तो फक्त दिवस दुरुस्त करतो.

अर्थ लावण्याच्या पातळीवर आहे ते पत्र. सुरुवातीला स्टीव्हन्स ठामपणे सांगतो की मिस केंटनच्या पत्रातून परत यायची इच्छा उघड दिसते. प्रवासात थोडं पुढे गेल्यावर, पत्र पुन्हा वाचून, तो कबूल करतो की तसं स्पष्ट म्हणणारी ओळ दाखवणं अवघड आहे. पत्र तेच आहे. तिने लिहिलंय एक, त्याने वाचलंय स्वतःला हवं ते. कुणाच्या 'हम्म' अशा दोन अक्षरी मेसेजमधून आपण रात्रभर काय काय काढतो, ते आठवा, म्हणजे स्टीव्हन्स फार परका वाटणार नाही.

तिसरी पातळी सगळ्यात जड आहे. १९३२ च्या उन्हाळ्यात लॉर्ड डार्लिंग्टन ज्यूद्वेष्ट्या मंडळींच्या संगतीत असतात. ते स्टीव्हन्सला सांगतात की घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाक. रूथ आणि सारा अशी त्यांची नावं. त्यांचं काम उत्तम आहे, दोष फक्त धर्माचा. रोज संध्याकाळी स्टीव्हन्स आणि मिस केंटन कोको घेत कामाचं बोलायला बसतात. त्या बैठकीत तो ही गोष्ट इतर कामांच्या सुरात तिच्यासमोर ठेवतो. ती भडकते. हे चूक आहे, पाप आहे, मी नोकरी सोडेन, असं म्हणते. स्टीव्हन्सचं म्हणणं असं की अशा मोठ्या विषयांत मालकांना जास्त कळतं.

इथे आवाजाकडे लक्ष द्या. दोन पोरींची रोजीरोटी जातेय, ज्या काळात ज्यूंचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि निवेदनाचा सूर मात्र बदलीच्या ऑर्डरचा आहे. तो वाचकाला सांगतो की आतून आपला याला पूर्ण विरोध होता, पण कर्तव्य स्पष्ट होतं. वर्षाहून जास्त काळ गेल्यावर मालकांनाच पश्चात्ताप होतो. तेव्हा कुठे तो मिस केंटनला सांगतो की मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. ती विचारते, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी एकटी नाही हे कळलं असतं तर मला केवढा आधार झाला असता. त्याच्याकडे उत्तर नसतं.

परीक्षेत या प्रसंगावर बरेच जण 'स्टीव्हन्स वंशद्वेष्टा आहे' असं लिहितात. मला ते पटत नाही. पुस्तक त्याहून अवघड गोष्ट दाखवतं. त्याला चूक कळते, तरी तो ती चूक 'व्यावसायिक शिस्त' या शब्दाखाली झाकतो, आणि तो शब्द इतक्या सभ्यपणे वापरतो की वाचणारे आपणही दोन पानं मान डोलावत बसतो. निवेदकाचा आवाज अर्थ घडवतो म्हणतात तो असा. आवाज आधी आपल्याला त्याच्या बाजूला ओढतो, मग मिस केंटनचा एक प्रश्न येतो आणि आपण कुणाच्या बाजूला बसलो होतो ते दिसतं.

या आवाजाची एक भाषिक खूण आहे. मराठीतून विचार करणाऱ्यांना ती चटकन कळेल. विषय जिव्हाळ्याचा झाला की स्टीव्हन्स 'मी' सोडून इंग्रजीतल्या 'वन' या सर्वनामाकडे वळतो. आपल्याकडे हेच काम 'आपण' आणि 'माणूस' हे शब्द करतात. 'मला वाईट वाटलं' म्हणण्याऐवजी आपण म्हणतो, 'शेवटी माणसाला वाईट वाटतंच ना.' वाक्य खरं आहे, पण वाईट वाटणारा माणूस वाक्यातून पसार झाला. मराठीत अजून एक भारी सोय आहे, 'म्हणे'. 'तो म्हणे आजारी होता' असं म्हटलं की माहिती दिली, पण तिची जबाबदारी घेतली नाही. मराठी कथा वाचताना निवेदक 'म्हणे' कुठे लावतो आणि कुठे लावत नाही हे बघत चला. निवेदकाचा माहितीशी काय संबंध आहे ते त्या एका शब्दात सापडतं.

आता तुलनेसाठी ख्रिस्ती. 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' १९२६ ची. निवेदक डॉ. शेपर्ड हा गावातला डॉक्टर, आणि खून त्यानेच केलाय. खुनाच्या रात्री अ‍ॅक्रॉइडच्या खोलीत तो असतो. एक पत्र आत आल्याची वेळ तो सांगतो, आपण खोलीतून निघालो ती वेळही सांगतो. दोन्ही वेळा बरोबर आहेत. मधली दहा मिनिटं फक्त सांगितलेली नाहीत, आणि खून त्या दहा मिनिटांतला. पुस्तकाच्या शेवटी शेपर्ड स्वतःच ही फट दाखवतो आणि आपल्या लिहिण्यावर खूश होतो.

शेपर्ड आणि स्टीव्हन्स दोघंही गाळतात. पण शेपर्डला आपण काय गाळतोय ते माहीत आहे आणि तो ते आपल्यापासून लपवतोय. स्टीव्हन्स स्वतःपासून लपवतोय. म्हणून ख्रिस्तीचं पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आपण युक्ती बघतो, आणि इशिगुरोंचं दुसऱ्यांदा वाचताना माणूस. शेपर्डचं गुपित एका झटक्यात फुटतं. स्टीव्हन्सचं गुपित पन्नासेक पानांतच वाचकाला कळलेलं असतं. उरलेलं पुस्तक आपण वाट बघत असतो की ते त्याला कधी कळणार.

एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. ही संकल्पना शिकल्यावर काही दिवस प्रत्येक 'मी' संशयित वाटायला लागतो. प्रत्येक प्रथमपुरुषी निवेदकाला सगळं माहीत नसतंच, पण तेवढ्याने तो अविश्वासार्ह होत नाही. तो फक्त मर्यादित असतो. निवेदकावर शंका घ्यायची तर पुस्तकाच्या आतूनच पुरावा हवा : दुसऱ्या पात्राचं वाक्य जे निवेदनाशी जुळत नाही, एकच गोष्ट दोनदा वेगळी सांगितलेली, कुणी न विचारता दिलेलं लांबलचक स्पष्टीकरण, किंवा अचानक बदललेला विषय. स्टीव्हन्स दोन वेळा अनोळखी माणसांपुढे लॉर्ड डार्लिंग्टनकडे काम केल्याचं नाकारतो. लगेच आपल्याला त्याची कारणं समजावत बसतो, आणि ती कारणं एकमेकांना नीट धरत नाहीत. हा पुरावा झाला. 'मला त्याचा स्वभाव आवडला नाही' हा पुरावा नव्हे.

आणि निवेदक सगळं पुस्तकभर सारखाच अविश्वासार्ह राहतो असंही नाही. कादंबरीच्या प्रकरणांना दिवसांची नावं आहेत : पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्या दिवशी दुपारी तो कॉर्नवॉलमधल्या लिटल कॉम्प्टन गावातल्या हॉटेलात बसून मिस केंटनला भेटण्याची वाट बघतोय. त्यानंतरचं प्रकरण थेट सहाव्या दिवसाचं, वेमथ या समुद्रकाठच्या गावातलं. पाचवा दिवस पुस्तकात नाही. भेट झाल्यावर हा इतका बोलणारा माणूस पूर्ण एक दिवस आपल्याशी बोललाच नाही. पुस्तक पहिल्यांदा वाचताना अनुक्रमणिकेवर माझी नजर गेलीच नव्हती, दुसऱ्यांदा गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो त्या भेटीबद्दल सांगतो. मिस केंटनला परत यायचं नाहीये, तिला नातवंड होणार आहे. निरोप घेताना बस स्टॉपवर ती एवढंच म्हणते की तुमच्यासोबत कसं आयुष्य झालं असतं याचा विचार कधीकधी मनात येतो. आणि इथे स्टीव्हन्स, पुस्तकात पहिल्यांदाच, 'वन' बाजूला ठेवून आपलं काळीज तुटत होतं हे सरळ कबूल करतो. म्हणजे आपल्याजवळ कबूल करतो. तिला मात्र हसून सांगतो की आता घड्याळाचे काटे मागे फिरवता येणार नाहीत, जे आहे त्यात आनंदी राहायला हवं. निवेदक विश्वासार्ह झाला तो याच एका वाक्यापुरता, आणि त्याच क्षणी पात्र म्हणून तो समोरच्या बाईशी अजून खोटंच बोलतोय. सांगणारा आणि जगणारा स्टीव्हन्स इथे एकाच ओळीत वेगळे दिसतात.

१९९३ मध्ये जेम्स आयव्हरींनी यावर सिनेमा केला, अँथनी हॉपकिन्स स्टीव्हन्सच्या भूमिकेत. सुंदर सिनेमा आहे, जरूर बघा. पण कॅमेरा स्टीव्हन्सच्या चेहऱ्यासमोर उभा असतो. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पुस्तकात मात्र आपण त्याच्या डोळ्यांच्या मागे अडकलेले असतो. तिथून त्याचा स्वतःचा चेहरा कधीच दिसत नाही.

वेमथच्या धक्क्यावर संध्याकाळी दिवे लागतात, लोक जमतात. बाकावर शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसलेत, तेही कधीकाळी लहानशा घरी बटलर होते. स्टीव्हन्स त्यांच्याशी लॉर्ड डार्लिंग्टनबद्दल बोलतो. मालकांनी निदान स्वतःच्या चुका स्वतः केल्या, आपण तेवढंही करू शकलो नाही, असं काहीतरी तो म्हणतो. बोलता बोलता तो गृहस्थ खिशात हात घालतो आणि रुमाल हवाय का, असं विचारतो.

तेहेतीस वर्षांनंतरही ते पाणी आपल्याला दुसऱ्याच कुणाच्यातरी तोंडून कळतं.